कापून बसवलेल्या व्यक्तीच्या कडेचे वलय आणि अंगावर उतरलेला रंग कसा काढावा

एका फोटोतून व्यक्ती कापून दुसऱ्या फोटोत बसवली की बहुतेक वेळा दोन खुणा तिचे परकेपण उघड करतात. एक म्हणजे तिच्या कडेने फिरणारी बारीक उजळ किंवा रंगीत रेघ, आणि दुसरी म्हणजे तिच्या त्वचेवर आणि कपड्यांवर राहिलेला जुन्या जागेचा रंग. नवशिके या दोन्हींना एकच दोष समजतात आणि मास्क पुन्हा पुन्हा कोरत बसतात. प्रत्यक्षात या दोन्हींचे कारण वेगळे आहे, त्यांची जागा वेगळी आहे आणि त्यांचा उपायही वेगळा आहे. मास्क फक्त आकार सांगतो. त्या आकाराच्या आत कोणता रंग भरलेला आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. पुढची सर्व कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

समजण्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. दुपारी हिरवळीवर उभ्या असलेल्या एका तरुणीचा फोटो आहे. तिचे केस काळे आहेत, शर्ट पांढरा आहे, गळ्यात पिवळा स्कार्फ आहे आणि तिच्या डोक्यामागे फिकट, उजळ आकाश आहे. तिला एका खोलीतल्या संध्याकाळच्या समूह-फोटोत बसवायचे आहे. तिथे मागे गडद तपकिरी भिंत आहे आणि डावीकडून दिव्याचा पिवळसर प्रकाश येतो. उजळ पार्श्वभूमीवरचे काळे केस गडद पार्श्वभूमीवर नेणे हा या कामातला सर्वांत अवघड प्रकार आहे, आणि म्हणूनच तो शिकण्यासाठी योग्य आहे. कृती फोटोशॉपमधील नावांनी सांगतो; गिंपमध्ये काय वेगळे करावे लागते ते जागोजागी येईल.

प्रथम वलय का दिसते ते पाहू. केसांच्या कडेचा एखादा पिक्सेल क्वचितच पूर्णपणे केसाचा असतो. तो अर्धा केसाचा आणि अर्धा मागच्या आकाशाचा असतो, आणि कॅमेरा त्या दोघांचे मिश्रण नोंदवतो. केसांची उजळता ४० आणि आकाशाची २४० धरली, तर असा पिक्सेल साधारण १४० होतो. (हा हिशेब सोपा करून मांडला आहे, कॅमेऱ्यात प्रकाश ज्या पद्धतीने मिसळतो त्यामुळे खरा आकडा याहून अधिक उजळ येतो.) आता तुमचा मास्क अगदी अचूक आहे आणि त्या पिक्सेलला तो बरोबर अर्धा पारदर्शक करतो असे समजा. नव्या भिंतीची उजळता ५० असेल, तर १४० चे निम्मे आणि ५० चे निम्मे मिळून ९५ येतात. खरा केस त्या भिंतीसमोर असता तर ४० आणि ५० यांचे मिश्रण, म्हणजे ४५, आले असते. केस ४०, भिंत ५० आणि मधली कड ९५ अशी ही स्थिती आहे. कड दोन्ही बाजूंपेक्षा उजळ असणे ही वलयाची नेमकी ओळख आहे.

मास्क थोडा आत सरकवून त्याच पिक्सेलची अपारदर्शकता निम्म्यावरून पावावर आणली, तरी उत्तर ७२ च्या आसपास येते, म्हणजे तेही दोन्ही बाजूंपेक्षा उजळच राहते. वलय जाईपर्यंत कोरत राहिलात तर तो केसच नाहीसा होतो. कापून बसवलेल्या माणसांचे डोके अनेकदा टोपी घातल्यासारखे गुळगुळीत दिसते, त्याचे कारण हेच आहे. दोष पारदर्शकतेत नसून १४० या रंगात आहे, आणि म्हणून बदलायचा आहे तो रंग.

अंगावर उतरलेल्या रंगाचे तसे नाही. हिरवळीवर पडलेले ऊन हिरवे होऊन वर उसळते आणि हनुवटीखाली, हातांच्या खालच्या बाजूला, शर्टाच्या चुण्यांमध्ये खरोखर पडते. तो मिश्रणाचा परिणाम नाही. तो त्या वेळचा खराखुरा प्रकाश आहे. त्यामुळे तो कडेला थांबत नाही, तर शरीराच्या आत बराच खोलवर हळूहळू विरत जातो. ओळखण्याची खूण रुंदीत आहे. कडेभोवती सर्वत्र एकसारख्या रुंदीची, एक ते तीन पिक्सेलांची रेघ असेल तर ते वलय आहे. शरीराच्या उंचसखलपणाप्रमाणे कमीजास्त होणारी, रुंद आणि मऊ छटा असेल तर तो उतरलेला रंग आहे. खांद्यावर आकाशाच्या उजेडाची जी चमक असते तीही आकाराप्रमाणे बदलते, म्हणून तिला वलय समजून पुसू नये.

पहिली पायरी : मांडणी

व्यक्तीचा लेयर थेट कापू नका. मूळ फोटो अखंड ठेवून तो एका ग्रुपमध्ये टाका आणि मास्क त्या ग्रुपला लावा. फोटोशॉपमध्ये ग्रुपचा ब्लेंडिंग मोड Pass Through असतो, तो बदलून Normal करा, म्हणजे आत ठेवलेल्या दुरुस्त्यांचा परिणाम फक्त या व्यक्तीवर होईल आणि मागच्या भिंतीवर होणार नाही. गिंप २.१० पासून लेयर ग्रुपला मास्क लावता येतो, त्यामुळे हीच मांडणी तिथेही चालते. या मांडणीचा फायदा पुढे कळेल: ग्रुपच्या आत तुम्ही कडेच्या बाहेरपर्यंत निर्धास्तपणे रंगवू शकता, कारण बाहेर गेलेला रंग मास्क आपोआप झाकतो.

ग्रुपच्या मागे, नव्या भिंतीच्या वर, एका सपाट रंगाचा तात्पुरता लेयर ठेवा. त्याचा रंग भिंतीपेक्षाही थोडा गडद घ्या. खऱ्या भिंतीचा पोत कडेचे दोष लपवतो. सपाट गडद रंगावर ते लगेच दिसतात. काम १०० टक्के आणि २०० टक्के आकारात पाहावे. त्यापेक्षा मोठे करून पाहिले तर प्रत्येक पिक्सेल सदोष वाटू लागतो आणि वेळ वाया जातो.

दुसरी पायरी : मास्क, आणि तोही जपून

शरीराची कडक कड आणि केसांची कड यांना वेगळी वागणूक द्यावी लागते. खांदे, बाह्या, पँट यांच्या कडेवर मास्क अर्धा ते एक पिक्सेल आत घेतला तर काही बिघडत नाही, कारण तिथे आत भरपूर खरा रंग उपलब्ध असतो. त्यासाठी केस वगळून मास्कचा बाकीचा भाग निवडा, मास्कवर Levels उघडा आणि काळा स्लायडर थोडा उजवीकडे न्या. मास्कमधले करडे पिक्सेल गडद होतात आणि कड किंचित आत येते. कॅमेऱ्याने किंवा फोनने फोटो जास्त शार्प केला असेल तर कडेबाहेर जी पांढरी रेघ उमटते, तीही एवढ्यानेच जाते. केसांच्या भागाला मात्र हात लावू नका. तिथले करडे पिक्सेल हेच केस आहेत.

Select and Mask मधला Decontaminate Colors हा पर्याय पुढच्या पायरीचे काम आपोआप करण्याचा प्रयत्न करतो. सरळ, सुट्या केसांवर त्याचा परिणाम पुष्कळदा चांगला येतो, पण दाट कुरळ्या केसांत तो रंग फासल्यासारखा करतो, आणि कुठे किती बदल झाला यावर आपला ताबा राहत नाही. एकदा वापरून पाहण्यास हरकत नाही. निकाल वेगळ्या लेयरवर घ्यावा आणि मूळ फोटो जपून ठेवावा.

तिसरी पायरी : कडेचा रंग बदलणे

ग्रुपच्या आत, व्यक्तीच्या वर एक रिकामा लेयर घ्या. कडक कडांसाठी Clone Stamp घ्या, त्याचे Sample हे Current & Below ठेवा, आणि मऊ कडेचा १० ते २० पिक्सेलांचा ब्रश वापरा. कडेपासून पाच-सहा पिक्सेल आतला स्वच्छ रंग उचलून कडेला समांतर ओढत तो बाहेरपर्यंत न्या. पाच-सहा पिक्सेल का, याला कारण आहे. बहुतेक जेपेग फोटोंत उजळतेची माहिती प्रत्येक पिक्सेलसाठी ठेवलेली असते, पण रंगाची माहिती मात्र दोन बाय दोन पिक्सेलांच्या चौकोनाला मिळून एकच ठेवलेली असते. त्यामुळे पार्श्वभूमीचा रंग उजळतेपेक्षा एक-दोन पिक्सेल अधिक आत शिरतो. अगदी कडेलगतचा रंग उचललात तर तुम्ही तोच दूषित रंग पुन्हा पसरवाल.

केसांना क्लोन चालत नाही, कारण प्रत्येक केसाची दिशा वेगळी असते. त्यांच्यासाठी वेगळा लेयर घेऊन त्याचा मोड Darken करा. केसांच्या मधल्या छटेचा रंग उचला. अगदी काळा घेऊ नका, नाहीतर केस शाईने काढल्यासारखे दिसतात. आता मऊ ब्रशने, ३० ते ४० टक्के अपारदर्शकतेने, केसांच्या कडेवरून दोन-तीनदा फिरवा. Darken हा मोड प्रत्येक चॅनेलमध्ये खालच्या आणि वरच्या रंगांपैकी जो गडद असेल तो ठेवतो. त्यामुळे १४० चा उजळ पिक्सेल खाली येतो, पण आधीच गडद असलेले केस आणि त्यांच्या मधल्या सावल्या तशाच राहतात. पारदर्शकता आपण बदललेली नाही, म्हणून बारीक केसांचा आकारही कायम राहतो. आपल्या उदाहरणात येथे ९५ चा आकडा पन्नाशीकडे उतरलेला दिसतो आणि वलय नाहीसे होते. गिंपमध्ये याच मोडचे नाव Darken only असे आहे.

अनेकजण या जागी Color मोड वापरतात आणि वलय का जात नाही असे विचारतात. Color मोड फक्त रंगछटा बदलतो, उजळता तशीच ठेवतो. त्याने निळसर वलय तपकिरी होईल, पण ते वलयच राहील. गडद पार्श्वभूमीवरचे उजळ केस उजळ जागी न्यायचे असतील तर दोष उलटा असतो, म्हणजे कड दोन्हीपेक्षा गडद दिसते. तेव्हा Darken ऐवजी Lighten वापरावा.

काही ठिकाणी आकाश इतके तीव्र असते की त्याच्या समोरचे बारीक केस पूर्ण पांढरे होऊन गेलेले असतात. तिथे केसाची कोणतीच माहिती उरलेली नसते. असा झुबका मास्कमधून काढून टाकावा आणि एक-दोन पिक्सेलांच्या ब्रशने, डोक्यापासून बाहेरच्या दिशेने, टोकाला निमुळते होत जाणारे थोडे केस हाताने काढावेत. माझ्या अनुभवात असे सात-आठ केस नीट काढले तर पुरतात. अधिक काढले की ते मोजता येऊ लागतात.

चौथी पायरी : अंगावर उतरलेला हिरवा रंग

वलय गेल्यानंतर उतरलेला रंग हाताळावा. यासाठी चित्रपटाच्या दृश्यपरिणामांत रूढ असलेला एक साधा नियम उपयोगी पडतो. कोणत्याही पिक्सेलचा हिरवा आकडा त्याच्या लाल आणि निळ्या आकड्यांच्या सरासरीपेक्षा वर जाऊ द्यायचा नाही :

```
G = min(G, (R + B) / 2)
```

निरोगी त्वचेचा एक पिक्सेल घ्या: लाल २१०, हिरवा १६०, निळा १३०. लाल-निळ्याची सरासरी १७० येते आणि हिरवा त्याखालीच आहे, म्हणून नियम त्याला हात लावत नाही. आता हनुवटीखालचा पिक्सेल घ्या: लाल १९०, हिरवा १८५, निळा १२०. सरासरी १५५ येते, हिरवा १८५ वरून १५५ वर उतरतो आणि शेवाळी दिसणारी त्वचा पुन्हा त्वचेसारखी होते. पांढऱ्या शर्टाच्या खालच्या भागात २००, २१५, १८५ असे आकडे असतील, तर हिरवा १९२ च्या आसपास येतो आणि शर्ट किंचित उबदार पांढरा दिसतो, जो आपल्याला हवाच आहे.

हा नियम फोटोशॉपमध्ये कोणत्याही प्लगइनशिवाय लावता येतो. ग्रुपच्या आत, रंगवलेल्या लेयरांच्या वर, Channel Mixer चा ॲडजस्टमेंट लेयर घ्या. Output Channel मध्ये Green निवडा आणि Red ५०, Green ०, Blue ५० असे आकडे भरा. फोटोचे रंग विचित्र दिसतील, घाबरू नका. आता या लेयरचा मोड Darken करा. लाल आणि निळा चॅनेल दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे बदलत नाहीत, आणि हिरव्यात मूळ आकडा व सरासरी यांपैकी लहान तो उरतो. हाच आपला नियम आहे. गिंप २.१० मध्ये व्यक्तीच्या लेयरची प्रत घेऊन तिच्यावर Channel Mixer चालवावा, तिथे तेच आकडे ०.५, ० आणि ०.५ असे भरावेत, आणि प्रतीचा मोड Darken only करावा.

आता पिवळ्या स्कार्फकडे पाहा. त्याचा रंग लाल २३०, हिरवा २००, निळा ६० असेल, तर सरासरी १४५ येते, हिरवा तिथपर्यंत कापला जातो आणि स्कार्फ नारिंगी होतो. नियमाला उतरलेला हिरवा आणि पिवळ्या कापडातला हक्काचा हिरवा यांतला फरक कळत नाही. तो फरक आपल्याला मास्कने सांगावा लागतो. म्हणून Channel Mixer चा मास्क पूर्ण काळा करा आणि जिथे हिरवळीचा प्रकाश पोहोचला असेल त्या जागीच पांढऱ्या मऊ ब्रशने तो उघडा: हनुवटीखाली, जबड्याच्या खालच्या बाजूला, हातांच्या खाली, शर्टाच्या खालच्या निम्म्या भागात. प्रकाश खालून आला होता हे डोक्यात ठेवले तर कुठे रंगवायचे याचा वेगळा विचार करावा लागत नाही. हिरवा कापल्याने तो भाग थोडा काळवंडतो, कारण डोळ्याला जाणवणाऱ्या उजळतेचा मोठा हिस्सा हिरव्या चॅनेलचा असतो. तो भाग मेल्यासारखा वाटला तर त्याच मास्कची प्रत लावून Curves ने मधला भाग किंचित उचला.

इतर रंगांना हा नियम जसाच्या तसा लावू नये. निळ्या आकाशाची छटा त्वचेवर असेल तर निळ्याला हिरव्याच्या वर जाऊ न देणे पुरते, कारण त्वचेत निळा नैसर्गिकरीत्याच हिरव्यापेक्षा कमी असतो. त्यासाठी Output Channel मध्ये Blue निवडून Red ०, Green १००, Blue ० भरावे आणि मोड पुन्हा Darken ठेवावा. निळ्या कपड्यांवर मात्र हे चालणार नाही. लाल भिंतीचा रंग त्वचेवर उतरला असेल तर असा कोणताही नियम उपयोगी नाही, कारण त्वचा मुळातच लाल आहे आणि नियम तिला राखेसारखी करून टाकेल. तिथे Color मोडच्या लेयरवर, चेहऱ्याच्या स्वच्छ भागातून उचललेल्या रंगाने, २० टक्क्यांच्या आसपास अपारदर्शकतेने हळूहळू रंगवणे हाच मार्ग आहे. उजळता येथे बदलायची नसल्यामुळे Color मोड याच कामासाठी योग्य ठरतो.

पाचवी पायरी : नव्या प्रकाशाचा रंग देणे

हे काम शेवटीच का करावे, याचे कारण चौथ्या पायरीच्या हिशेबात आहे. व्यक्तीला आधीच पिवळसर केले तर निळा खाली जातो. निरोगी त्वचाही २३५, १६५, ८० अशी होते, लाल-निळ्याची सरासरी १५७ च्या जवळ येते, आणि नियम निरोगी त्वचेतलाही हिरवा कापून तिला तांबूस करतो. म्हणून जुना प्रकाश पूर्ण धुऊन काढल्यावरच नवा प्रकाश द्यावा.

ग्रुपच्या आत सर्वांत वर Curves घ्या. भिंतीजवळच्या दुसऱ्या एखाद्या माणसाच्या पांढऱ्या कपड्याचे आकडे पाहा आणि आपल्या तरुणीच्या शर्टाचे आकडे तिकडे आणा. निळा चॅनेल खाली आणि लाल किंचित वर, एवढे बहुधा पुरते. पांढरे कापड हे येथे त्वचेपेक्षा भरवशाचे मोजमाप आहे, कारण माणसामाणसाच्या त्वचेचा रंग वेगळा असतो. दिवा डावीकडे आहे, म्हणून Curves च्या मास्कवर उजवी बाजू थोडी करडी करा, म्हणजे उबदारपणा तिकडे कमी होईल. आता नव्या जागेचाही रंग तिच्यावर उतरायला हवा. भिंतीचा तपकिरी रंग उचलून, Color मोडच्या लेयरवर, १० ते १५ टक्क्यांनी उजव्या गालाच्या आणि बाहीच्या सावलीत हलका हात फिरवा. दुपारच्या उन्हाने नाकाखाली पडलेली कडक सावली मात्र यातल्या कशानेही जात नाही. ती खटकत असेल तर फोटोच दुसरा निवडावा लागतो.

तपासणी

सर्वांत वर दोन तात्पुरते लेयर ठेवून पाहा. एकदा Hue/Saturation ने रंग पूर्ण काढून टाका. फोटो कृष्णधवल झाला की उजळतेचे राहिलेले वलय रंगाच्या आडोशाविना दिसते. दुसऱ्यांदा Saturation ६० पर्यंत वाढवा. उरलेला हिरवेपणा हनुवटीखाली ठळक होतो. कृष्णधवल चाचणीत दोष दिसला तर तिसऱ्या पायरीकडे, वाढवलेल्या रंगात दिसला तर चौथीकडे परतावे. त्यानंतर सपाट गडद लेयर बंद करून खऱ्या भिंतीवर ५० टक्के आकारात पाहा. कड स्वच्छ असूनही व्यक्ती चिकटवल्यासारखी वाटत असेल, तर शेजारच्या माणसांच्या कडेशी तुलना करा: खोलीतल्या फोटोत त्या मऊ आणि दाणेदार असतात, दुपारच्या फोटोत धारदार आणि गुळगुळीत. ग्रुपच्या मास्कला अर्ध्या पिक्सेलचा Gaussian Blur आणि व्यक्तीवर शेजाऱ्यांइतकेच Noise दिले की हा फरक मिटतो.